तीन डबे, एकच औषध

फवारणी करून आठवडा झाला होता आणि द्राक्षांवरची भुरी वाढली होती. कमी झाली नव्हती की होती तेवढीही राहिली नव्हती. मी वेलीखाली उभी राहून घड उलटून पाहिला, तर मण्यांवर पिठी भुरभुरल्यासारखी पांढरी बुरशी. बोटाने पुसली तर खाली मणी करडा पडलेला. पंपाची नळी मी स्वतः धरली होती, एक ओळ सोडली नव्हती.

पहिला संशय औषधाच्या दुकानदारावर गेला. "बोगस माल दिला रं आपल्याला," असं आमच्या सोसायटीतले लोक पारावर म्हणू लागले, आणि मीही घरात तोंडसुख घेतलं. दुकानदार बिचारा चहा पाजून पाजून शपथा घेत होता.

आमची सोसायटी म्हणजे वडवणीकडच्या आमच्या गावातल्या द्राक्षवाल्यांची. दुष्काळात विहिरी आटल्या तेव्हा माझ्या सासऱ्यांनी ती उभी केली. त्यांना मी मामा म्हणते. टँकर सामाईक, पाळ्या ठरलेल्या, आपली बाग जळते म्हणून शेजाऱ्याचं पाणी तोडायचं नाही. त्या पाण्यावर बागा जगल्या. मग औषधाचंही तसंच झालं. एका फवारणीला एकच औषध, सगळ्यांनी एकाच दिवशी मारायचं, म्हणजे भुरीला लपायला कोणाचीच बाग उरणार नाही. ऐकायला किती शहाणपणाचं वाटतं! मला तर मामांचा अभिमान वाटला होता.

भुरीवर आधी गंधक मारायचो, ते आम्ही सोडलं होतं तेही पाण्यापायी. गंधक पानावर बसतं, आत शिरत नाही. जिथे पडलं तेवढीच जागा राखतं. पानाची वरची बाजू, खालची बाजू, घडाच्या आतले मणी, सगळं भिजवावं लागतं, आणि चार दिवसांनी फुटलेलं नवं पान उघडंच. टँकरच्या पाण्यावर जगणाऱ्याला हे परवडायचं कसं? त्यापेक्षा आंतरप्रवाही औषध बरं. ते पानात मुरतं, पाण्यासोबत पानाच्या टोकाकडे, कडांकडे सरकतं, एखादा कोपरा कोरडा राहिला तरी बरंचसं सांभाळून घेतं. पहिल्या हंगामात त्याने भुरी अशी धुऊन काढली की लोक मामांच्या पाया पडायचे बाकी होते.

शेवटी कृषी केंद्रातल्या रोगतज्ज्ञ बाईंना बोलावलं. त्यांनी बाग पाहिली आणि आधी विचारलं, कोणकोणती औषधं मारली? मामा घरातून तीन रिकामे डबे घेऊन आले. "एकच न्हाई मारलं बाई, बदलून बदलून मारलं. हे पयलं, हे दुसरं, हे तिसरं. तीन येगळ्या कंपन्या हायत."

बाईंनी डबे फिरवून पाहिले आणि म्हणाल्या, "मामा, नावं तीन आहेत, पण ही सख्खी भावंडं आहेत. तिन्ही बुरशीला एकाच जागी मारतात."

मामांनी माझ्याकडे पाहिलं, जणू मी काहीतरी वेगळं सांगीन. मीच तर गठ्ठ्याने आणलेले ते डबे फोडत होते.

बाईंनी तिथल्या तिथे निकाल दिला नाही. ताडून पाहायला त्यांना कधीच औषध न लागलेल्या वेलीवरची भुरी हवी होती. तशी बाग आमच्या पंचक्रोशीत उरलीच नव्हती, कारण आम्ही एकीने मारलं होतं ना! मला माझं माहेर आठवलं. घाटनांदूरला आमच्या अंगणात मांडवावर एक द्राक्षवेल आहे, दरवर्षी पांढरी पडते, आणि आई "माणसाला मिळंना, वेलाला कुठली दवा" म्हणून सोडून देते. मी तिथली पानं कागदी पिशवीत घालून एसटीने आणली. आई म्हणाली, "रोगट पानं न्यायला आलीस? लई बागायतदार झालीस की गं!"

बाईंनी स्वच्छ पानांच्या गोल चकत्या कापून बशांत ठेवल्या. काही साध्या पाण्यावर, काही औषधाच्या पाण्यावर, काहींवर आधी गंधक फवारलेलं. अर्ध्या चकत्यांवर माहेरची भुरी झटकली, अर्ध्यांवर आमच्या बागेतली. मग आठवडाभराने मामांना, मला आणि सोसायटीच्या चार जणांना बोलावलं.

माहेरची भुरी साध्या पाण्यावर फोफावली होती आणि औषधावर मेली होती. म्हणजे औषध खरं होतं. दुकानदार खरा होता. आमच्या बागेतली भुरी मात्र औषधाच्या बशीत अशी पसरली होती की साध्या पाण्यात आणि औषधात फरकच कळेना. गंधकाच्या बशीत तेवढ्या दोन्हीकडच्या भुरीच्या चकत्या स्वच्छ होत्या. मी वाकून पुन्हा पाहिलं.

"मग डोस डबल करू," एक जण म्हणाला.

बाईंनी शेवटची बशी पुढे सरकवली. तिच्यात औषध दहापट होतं. तीही पांढरीच.

"हे औषध बुरशीच्या पेशीत शक्ती बनते ती एकच जागा बंद करतं," त्या म्हणाल्या. "लाखोंत एखाद्या बुरशीत ती जागा जन्मतःच थोडी वेगळी असते. तिथे औषध बसतच नाही, मग कितीही ओता. तुम्ही फवारलं की बाकीच्या मेल्या, ती उरली. पुन्हा फवारलं, तिची पिल्लं उरली. गंधक एकाच जागी नाही, अनेक जागी मारतं. सगळ्या जागा एकदम बदलणं बुरशीला जमत नाही. म्हणून गंधक आणि वेगळ्या गटांची, म्हणजे वेगळ्या जागी मारणारी औषधं आलटून पालटून वापरायची असतात."

"आन् आमी सगळ्यांनी मिळून..." मामांनी ती पांढरी बशी जवळ ओढली. मग हळूच म्हणाले, "मंजी ही भुरी आपुनच पाळली."



आता उपाय एकच होता. पांढरे पडलेले घड फुगताना तडकणार, त्यांना कुठलंच औषध परत आणू शकत नव्हतं. ते कापून बागेबाहेर न्यायचे आणि उरलेल्यांवर गंधक, भरपूर पाण्यात, पान न् पान भिजवून. म्हणजे वेलींच्या तोंडचं पाणी काढून फवारणीला घालायचं. दुष्काळात पोटच्या लेकरासारख्या जगवलेल्या त्या वेली, आणि त्यांच्यावरचा हा पहिलाच भरघोस माल.

"आपल्या बागंपासून सुरू," मामा म्हणाले. कात्री त्यांनी घेतली, पहिला घड धरला आणि तसेच उभे राहिले. मग कात्री माझ्या हातात दिली. "तू काप. माजा हात उठंना."

मी कापत गेले. प्रत्येक घडाला मनात शिवी देत होते, नक्की कोणाला ते मलाही ठाऊक नव्हतं. मामा मागून गोणी भरत होते. बांधावर सोसायटीची माणसं येऊन उभी राहिली. मला वाटलं, आता कोणीतरी तोंड उघडणार, तुमच्या शब्दावर आम्ही बुडालो म्हणणार. मामाही तेच ऐकायला थांबले होते, गोणीचं तोंड हातात धरून.

मग त्यांच्यातला एक जण खाली मान घालून म्हणाला, "मामा, कात्र्या किती हायत तुमच्याकडं? आमच्या बागंला एकच हाय."

मामा गोणीवर बसले आणि सगळ्यांसमोर रडले.