आडनावाचं रिकामं घर

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस निपाणीतल्या आमच्या पतसोसायटीत कॉम्प्युटर आला आणि तो चालवायला मी. संचालकांची निवडणूक तोंडावर होती. मतदारयादी आडनावांच्या क्रमानं लावायची, म्हणून स्प्रेडशीटमधलं पूर्ण नाव तीन रकान्यांत तोडायचं ठरलं: नाव, वडील किंवा नवरा, आडनाव.

मी सूत्र लिहिलं. पहिल्या मोकळ्या जागेपर्यंतचं नाव, दुसरीपर्यंतचं मधलं, उरलेलं आडनाव. पण सभासद पडले सीमाभागातले. कुणी आडनाव आधी लिहिलेलं, तर कुणी कानडी दप्तरातल्यासारखं अमुक ‘बिन’ तमुक, म्हणजे तमुकचा मुलगा. बायकांच्या नावात ‘कोम’, म्हणजे अमुकची बायको. सूत्राला त्याचं काय? निम्म्या गावाचा बाप ‘बिन’ झाला आणि बायकांचा नवरा ‘कोम’. ज्यांच्या नावात दुसरी मोकळी जागाच नव्हती, तिथं मशीननं सरळ ERR लिहिलं.

मॅनेजरसाहेब माझ्या खुर्चीमागं उभे होते. म्हणाले, “बिन, कोमवाली तू हातानं दुरुस्त कर. उलटीसुलटी पण बघ. ज्यांच्यापुढं ईआरआर आलंय, ती वगळ. नाव धड न्हाय त्याला मत कशाला?”

त्या ओळींत आप्पा होते, माझे वडील. गावानं हिणवायला चिकटवलेलं आडनाव त्यांनी तरुणपणीच टाकलं होतं. ते नुसतं स्वतःचं आणि वडिलांचं नाव लावत. उभ्या आयुष्यात सोसायटीचं एकही मतदान त्यांनी चुकवलं नव्हतं.

मी प्रिंटरकडं वळले. ERR च्या तेवढ्या ओळी छापून साहेबांपुढं ठेवल्या. साहेब वाचत वाचत अर्ध्यावर थांबले. तिथं आमचे चेअरमन होते. ते ऐटीत दोन आद्याक्षरं, टिंबं आणि आडनाव असं एकाला एक चिकटवून लिहीत. मोकळी जागा औषधालाही नाही.

“हे बघ,” साहेब घाम पुसत म्हणाले, “कुणालाच वगळू नगं. हातानं भर.”

घरी आप्पांना विचारलं, “आडनावाच्या घरात काय घालू? जुनं घालू का, यादीपुरतं?”

“ते घालायचं असतं तर टाकलं कशाला असतं गं? रिकामं ऱ्हाऊ दे.”

मी रिकामं ठेवलं. मग आडनावांवरून क्रम लावायचा हुकूम दिला. त्या मशीनच्या हिशेबात रिकामं घर सगळ्या अक्षरांच्या आधी येई. मतदानाच्या दिवशी यादीच्या क्रमानं पुकारा सुरू झाला आणि अख्ख्या सोसायटीत पहिलं नाव आप्पांचं आलं. आप्पा टोपी सारखी करत उठले, चेअरमनसमोरून पुढं गेले आणि त्यांना म्हणाले, “बसा, बसा, तुमचं यायला येळ हाय.”