हिरव्या बोंडांची मोफत कार्यशाळा

समस्त महागाव तालुक्यास गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, बोंडअळीच्या त्या वर्षी मी सूड फुकट वाटला.

कपाशीचा सल्ला देणं हा माझा धंदा. जुन्या भागीदारानं मला 'पुस्तकी' ठरवून माझी गिऱ्हाइकं पळवली होती. मग हिरव्या बोंडातही अळी असते हे दाखवायला मी मोफत कार्यशाळा ठेवली आणि सगळ्यांना आपापल्या शेतातली हिरवी बोंडं आणायला सांगितलं. मला खोटं पाडायला तो भागीदारही बोंडं घेऊन पुढे बसला. "माह्या कपाशीत अळी नाही," म्हणाला. मी आनंदानं त्याचीच बोंडं आधी फोडली. वरून टवटवीत, आत गुलाबी अळ्या! जुनी गिऱ्हाइकं माझ्याभोवती जमली.

"अळी ओळखणं फुकट शिकवलं," मी जाहीर केलं. "उपाय मात्र शेत पाहून, फी घेऊन."

भर सभेत तोच ओरडला, "मंग पहिले माह्या वावरात चाल ना बे!"