बाळाची मान

माझा आवाज मोठा आणि मला सगळं येतं, अशी कॉलेजात माझी ख्याती होती. ती खोटी नव्हती. स्त्रीरोगाच्या प्रॅक्टिकलला मी पहिल्याच फटक्यात पास झाले आणि परळच्या आमच्या हॉस्पिटलात इंटर्न म्हणून मिरवायला लागले. माझी मैत्रीण मात्र त्याच परीक्षेत, डमीच्या टेबलावर, नापास झाली. माझ्यापेक्षा हुशार पोरगी! "घाबरलीस तू," मी निदान सांगून टाकलं, "दुसरं काही नाही. या वेळी मी बसते तुझ्याबरोबर." तिने मान डोलावली. मागच्या वेळीही मीच बसले होते.

आता ती परत राहिली असती तर इंटर्नशिप आणखी लांबणीवर. भोईवाड्यातल्या चाळीत तिच्या आईला "लेक डॉक्टर झाली का हो?" हा प्रश्न रोज विचारला जायचा.

म्हणून रोज दुपारी आम्ही डिपार्टमेंटच्या टेबलावर समोरासमोर बसायचो. मध्ये हाडांचा पेल्व्हिस, म्हणजे आईच्या कमरेचा सांगाडा, त्यात कापडी बाहुलं. पेल्व्हिसचे प्रकार तिला तोंडपाठ. चारही साचे समोर ठेवले की बोट फिरवून सांगायची: हा गोल, बाळंतपणाला सगळ्यात सोयीचा. हा बदामी, पुरुषी, पुढची कमान अरुंद. हा पुढून मागे लांबट. आणि हा आडवा, चपटा. एकदाही चुकली नाही.

मग बाळ बाहेर कसं येतं ते. बाळाची पाठ आईच्या डावीकडे धरायची. डोकं उतरतं, हनुवटी छातीला टेकते, डोक्याची मागची बाजू फिरून पुढच्या कमानीखाली येते, मान उचलली जाते आणि डोकं जन्मतं. खांदे मात्र अजून तिरकेच असतात, म्हणजे मान पिळलेली. तो पीळ सुटतो आणि डोकं परत डावीकडे वळतं. पुढे खांदे फिरले की तसंच आणखी थोडं. मी करून दाखवायचे, मग ती करायची. पेल्व्हिसचं तोंड, म्हणजे बाळ बाहेर येतं ती बाजू, कायम माझ्याकडे, कारण तपासणारी मी ना! ती सगळं बिनचूक करायची आणि मी स्वतःवर खूश व्हायचे.

परीक्षेच्या सकाळी आम्ही कॉरिडॉरमध्ये होतो. तिचा नंबर यायला दहा मिनिटं असतील. "एकदा शेवटचं कर," म्हणत मी पेल्व्हिस खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि बाळाची पाठ आईच्या डावीकडे लावून दिली. घाईत त्याचं तोंड तिच्याकडे झालं.

डोकं बाहेर आलं आणि तिने ते झटकन स्वतःच्या डाव्या हाताकडे वळवलं. म्हणजे आईच्या उजवीकडे.

"अगं येडी आहेस का! मान मोडलीस त्याची!" मी ओरडले.

ती पांढरीफटक पडली. "मागच्या वेळी परीक्षकसुद्धा हेच म्हणाले होते," ती हळूच म्हणाली. "पण आपण तर रोज असंच करतो."

करत होतोच. ती रोज पेल्व्हिसच्या पाठीमागे बसायची. तिथून आईचं डावं तेच तिचं डावं. परीक्षेत आई समोर येते आणि डावं-उजवं उलटतं. दोन्ही वेळा मी तिला चुकीच्या बाजूला बसवलं होतं, आणि वर घाबरट म्हणाले होते! मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

पण रडायला वेळ नव्हता. मी उठून तिच्या शेजारी जाऊन बसले. "डावं-उजवं गेलं खड्ड्यात. बाळाची पाठ कुठे आहे ते बघ. डोकं पाठीच्याच बाजूला परत जाणार, पीळ सुटणार. बस." तिने तीनदा केलं. तीनदा बरोबर. मग दार उघडलं आणि तिला आत बोलावलं.

बाहेर आली तेव्हा कपाळावर घाम. "उजवीकडची पाठ दिली गं," ती म्हणाली. मी तिचा दंडच धरला. "मग?" "मग काय, पाठ बघितली आणि वळवलं."

निकाल लागला, ती पास झाली. मी तिच्या घरी गेले तर तिची आई दारातच पेढ्यांचा बॉक्स घेऊन उभी. पहिला पेढा माझ्यापुढे. मला तो घेववेना.

"काकी, मागच्या वेळी ती माझ्यामुळेच नापास झाली," मी सांगून टाकलं. आयुष्यात पहिल्यांदा माझा आवाज बारीक निघाला.

"माका ठावक आसा," काकी आपल्या मालवणीत म्हणाल्या. "माझ्या चेडवान ह्या परीक्षेच्या दिवशीच सांगल्यान माका. गप पेढो खा."