खडा

मोठ्या बाई गेल्या, आणि रोज काय शिकवायचं ते लिहून ठेवायच्या त्यांच्या टाचणवह्या त्यांच्या भाच्याने माझ्या घरी आणून टाकल्या. सव्वीस वह्या. रद्दीवाल्याने घ्यायला नकार दिला असावा, म्हणून माझी आठवण झाली. मी त्या पुसून कपाटात लावल्या आणि एक वही तेवढी बाहेर ठेवली. ती उघडायला मला चार दिवस लागले.

मोठ्या बाईंची शाळा म्हणजे एकच खोली, चार इयत्ता, तेवीस मुलं आणि त्या एकट्या. मी तिथे तीन महिने शिकायला गेले होते. शिक्षक-प्रशिक्षणात आम्हाला मोठमोठे शब्द ऐकवले होते, पण पहिलीला अक्षर शिकवताना चौथीला कुठे ठेवायचं, हे एकाही शहाण्याने सांगितलं नव्हतं. ते बाईंनी पहिल्याच दिवशी एका पानावर दाखवलं. पानावर चार उभे रकाने, एकेका इयत्तेचा एक. आडव्या ओळी वीस-वीस मिनिटांच्या. प्रत्येक ओळीत एकाच रकान्यात लाल वर्तुळ.

"वर्तुळ म्हणजे मी," बाई म्हणाल्या. "मी एका वेळी एकाच जागी बसू शकते. बाकीच्या तिघांना काय द्यायचं, ते आधी लिही. वर्तुळाचं नंतर बघू."

"मग नवा धडा?"

"नवं ते फक्त वर्तुळात. एकटं बसून करायचं ते येतंय त्याचंच. न शिकवलेलं हातात देऊन पोरांना बसवलंस, तर वीस मिनिटांत बाजार भरेल."

बोलणं असं तिखट, पण खोलीत बाजार कधी भरला नाही. दुसरी गणिताची कार्डं सोडवायची आणि मागच्या बाजूची उत्तरं बघून स्वतःच तपासायची. तिसरी जोडीने वाचायची. चौथीतलं एखादं पोर पहिलीच्या पोराचं वाचन ऐकायचं. हजेरीसुद्धा बाई घेत नसत. मुलं आल्या आल्या आपल्या नावाची चिठ्ठी खिळ्याला अडकवायची आणि कामाला बसायची. "त्यात माझी रोजची दहा मिनिटं वाचतात," असं बाई मोठ्या तोऱ्यात सांगायच्या.

अडलं तर काय, तेही ठरलेलं होतं. आधी कार्डावरचं उदाहरण बघायचं. मग जोडीदाराला विचारायचं, मग गटप्रमुखाला. तरीही सुटलं नाही, तर पाटीवर खडा ठेवायचा आणि पुढचं काम घ्यायचं. त्या इयत्तेची पाळी आली की बाई आधी खडेवाल्यांकडे बघत. बाईंच्या स्टुलावर लाल फडकं असेपर्यंत त्यांना हाक मारायची नाही. त्याला अपवाद तीनच, भिंतीवर ठळक लिहिलेले: रक्त, उलटी, आग.

मी भारावून गेले होते. घरी आईला सांगायचे, "अगं, त्यांची मुलं घड्याळासारखी चालतात." आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

दुसरीत एक मुलगी होती. आम्ही तिला चिमणी म्हणायचो. नाजूक, अबोल, आणि पाटीवर एक रेघ वाकडी नाही. वडील कामासाठी दूर असायचे. आई शिवणकाम करायची आणि दोघी वस्तीच्या टोकाला एकट्याच राहायच्या. चिमणीचं कधी अडायचंच नाही, त्यामुळे तिच्याकडे कोणाचं फारसं लक्षही जायचं नाही. अडेल त्याला वेळ द्यायचा, हा शाळेचा हिशेब.

त्या दिवशी दहाला शाळा भरली. पहिलीला नवं अक्षर होतं, म्हणून लाल वर्तुळ आधी तिथे, मग चौथीकडे, मग तिसरीकडे, आणि दुसरीची पाळी अकराला. चिमणीने चिठ्ठी अडकवली आणि पाटी घेऊन बसली. मी रांगांमधून फिरत होते, काम होतंय की नाही एवढंच बघायला. सव्वादहाच्या सुमाराला तिच्या पाटीवर खडा दिसला. मी वाकून गणितं तपासली. पाचच्या पाच बरोबर.

"सगळं बरोबर आहे की गं. मग खडा कशाला? काढ तो."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग बाईंच्या स्टुलावरच्या फडक्याकडे पाहिलं आणि खडा उचलून मुठीत धरला. मी पुढे गेले. पुढे जाताना, शिस्त कशी असावी ते या पोरीकडून शिकावं, असं माझ्या मनात आलं होतं.

अकराला बाई दुसरीत येऊन बसल्या. "हं, कोणाचं अडलंय?"

चिमणीने मूठ उघडली. "बाई, आई उठत नाहीये."

"म्हणजे?"

"सकाळपासून हलवतेय. डोळे अर्धे उघडे आहेत, पण बोलत नाही. घशातून आवाज येतोय."

स्टूल कलंडलं, फडकं खाली पडलं. मोठ्या बाईंना मी त्या एकाच दिवशी पळताना पाहिलं. मी मुलांपाशी थांबले आणि त्यांच्याकडून मला सगळं कळत गेलं. चिमणीने जोडीदाराला विचारलं होतं, तो म्हणाला होता, "झोपू दे तिला." गटप्रमुखाने भिंतीकडे बोट दाखवलं होतं. रक्त नाही, उलटी नाही, आग नाही. मग तिने खडा ठेवला होता. पोरीने एकही पायरी चुकवली नव्हती.

आईला गाडीत घालून दवाखान्यात नेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्तस्राव झाला होता, तासभर आधी आणलं असतं तर काही करता आलं असतं, नक्की सांगता येत नाही. ते नक्की नसणंच बाईंना आयुष्यभर पुरलं. मलाही पुरलंय.

ती गेली त्याच संध्याकाळी मी बाईंना खड्याचं सांगितलं. शाळेच्या पायरीवर बसलो होतो.

"काढायला सांगितलास?"

"हो."

"मी तुला गणितं तपासायला शिकवलं," त्या म्हणाल्या, "पोरीचं तोंड बघायला नाही शिकवलं."

मी रडले. त्या रडल्या नाहीत. पुढे चौकशी झाली, तेव्हा त्यांनी एकच ओळ लिहून दिली: नियम माझा, वर्ग माझा. माझं नाव त्यांनी कुठेही येऊ दिलं नाही. त्यांची बढती त्यात गेली. त्यानंतर अकरा वर्षं त्या त्याच खोलीत शिकवत राहिल्या.

मी बाहेर ठेवलेली वही त्याच महिन्याची आहे. घटनेनंतरच्या पहिल्या पानावर रकाने तसेच, ओळी तशाच, पण वर एक नवी ओळ आहे, दहा मिनिटांची. त्या ओळीत लाल वर्तुळ एकाच रकान्यात नाही. चारही रकान्यांतून ओढत नेलेलं, लांबट, वेडंवाकडं. त्याखाली लिहिलंय, "हजेरी. तोंडी. प्रत्येकाकडे बघून." वाचवलेली दहा मिनिटं बाईंनी परत करून टाकली होती.

भिंतीवरचे तीन शब्द त्यांनी पुसले. लाल फडकंही काढून टाकलं.

पंधरा दिवसांनी चिमणीची मावशी तिला घेऊन जायला आली. चिमणी शाळेची पाटी परत द्यायला म्हणून आली आणि दारातच थांबली. बाई तिसरीला भागाकार शिकवत होत्या. त्यांनी वर पाहिलं आणि हातातला खडू ठेवला.

"ये ना गं. बोल, काय म्हणतेस?"

"तिसरीची पाळी चालू आहे," चिमणी म्हणाली, आणि पाटी मांडीवर घेऊन उंबऱ्यापाशी वाट बघत बसली.