सवलतीच्या यादीतला दोस्त

आमच्या ऑफिसात त्याला सगळे चाळणी म्हणत. दर गुरुवारी चार वाजता पुरवठादारांचे पैसे सुटायचे. त्याआधी त्या आठवड्याची बिलं जुन्या बिलांशी ताडून एकच बिल दोनदा चाललंय का, हे तो पाहायचा. सिस्टीम बिलाचा नंबर हुबेहूब तोच असला तरच अडवायची. ‘४५२’चं ‘४५२-अ’ झालं की ती शहाणी बाई पदर झटकून वाट मोकळी करायची. चाळणी मात्र रक्कम जुळवायचा, तारीख बघायचा, नंबरातल्या रेघा, मागची अक्षरं आणि पुढची शून्यं काढून टाकायचा. बायको म्हणायची, “लग्नाआधी हेच डोळे कुठे ठेवले होते?”

दरमहा ठरलेल्या रकमेची बिलं मात्र उगाच संशयितांत यायची. त्यांच्यासाठी त्याने सवलतीची यादी केली होती; त्यातल्या नावांची बिलं तो ताडत नसे. साफसफाईचा ठेकेदार त्यात गेला तो देखभाल पाहणाऱ्या दोस्ताच्या शब्दावर. “अरे, दर महिन्याला तीच रक्कम. कशाला डोळे फोडतोस?” अठरा वर्षं एका टेबलावर डबा खाल्लेला माणूस! चाळणीने डोळे मिटून नाव घातलं.

परवा त्याचा कॉम्प्युटर बदलला आणि ती यादी जुन्या यंत्रातच राहिली. संशयितांची रांग तिप्पट झाली. ओळखीची नावं एकेक करून खोडताना तो ठेकेदारापाशी आला आणि त्याचं पेन थांबलं. रक्कम तीच असणार, ते ठीक. पण महिनाही तोच? बिल ४५२ गेल्या महिन्यातच चुकतं झालेलं. आज ४५२-अ, त्याच महिन्याच्या झाडलोटीचं. दोन्हींवर ‘काम झाले’ म्हणून दोस्ताची सही.

‘चुकून झालं असेल,’ असं पुटपुटत त्याने दोन वर्षं मागे पाहिलं. अशी आणखी तीन जोडपी सुखाने नांदत होती. सगळी यादीत नाव गेल्यानंतरची.

तीन वाजून दहा मिनिटांनी त्याने ते बिल रोखलं आणि दोस्ताला फोन लावला. मनात एकच नवस: ‘अरे बापरे, चूक झाली’ एवढंच म्हण बाबा.

“तुमच्या ठेकेदाराचं बिल दुसऱ्यांदा आलंय रे.”

दोस्त म्हणाला, “पण ते नाव तर तुझ्या यादीत होतं ना?”

चाळणीने फोन हलकेच ठेवला. चारही जोड्यांचे कागद काढले, साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवले आणि म्हणाला, “साहेब, यादी मी केली होती. तेही लिहून घ्या.”

चारला पैसे सुटले, त्या बिलाचे सोडून. दुसऱ्या दिवशी एक वाजता त्याने सवयीने डब्याच्या झाकणात अर्धी भाजी काढली. समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, आणि भाजी पुन्हा डब्यात ओतली.