दोनची गोळी दोनलाच

सांगलीत आम्ही दोघी मैत्रिणींनी मिळून औषधांची आठवण करून देणारं एक मराठी ॲप तयार केलं होतं. ते वापरणाऱ्यांमध्ये तासगावचे एक काका होते. एसटीत ड्रायव्हर होते, आता निवृत्त. कंपवाताचा आजार. दिवसातून पाच वेळा गोळी, आणि तीही वेळेवर. उशीर झाला की त्यांचे पाय जमिनीला चिकटल्यासारखे व्हायचे, उंबरा ओलांडता येत नसे.

एके दिवशी काकूंचा फोन आला. दोनच्या गोळीची आठवण कधी अडीचला येते, कधी तीनला. मी म्हटलं, इथं तर बरोबर वाजतं. तेव्हा काकू शांतपणे म्हणाल्या, "मी मोबाईल हातात घेतला की लगीच वाजतंय बगा. तवर गप पडून असतंय."

त्या एका वाक्यात सगळं होतं. आमचे चाचणीचे फोन दिवसभर केबलला जोडलेले असत, आणि चार्जिंगला लावलेला फोन गाढ झोपत नाही. काकांचा फोन मात्र दुपारभर फडताळावर पडून असायचा. स्क्रीन बंद, हालचाल नाही. अशा वेळी बॅटरी वाचवायला अँड्रॉइड ॲपची पडद्यामागची कामं थांबवून ठेवतं आणि अधूनमधून एकदम उरकतं. आठवणीचं काम मी वर्कमॅनेजरवर, म्हणजे अशी पडद्यामागची कामं उरकणाऱ्या अँड्रॉइडच्या तयार सोयीवर, सोपवलं होतं. तो काम नक्की करतो, पण सवडीनं. नेमक्या मिनिटाचं वचन तो देतच नाही. हे मी वाचलेलं होतं. तरी तोच वापरला, कारण तो सोपा होता. त्या संध्याकाळी मला माझीच लाज वाटली.

उपाय होता नेमक्या वेळेचा गजर, झोपलेल्या फोनलाही त्या मिनिटाला उठवणारा. दोन दिवसांत मी तो लिहिला. फोन बंद करून चालू केला की लावलेले गजर पुसले जातात, म्हणून ते पुन्हा लावायची सोयही केली. पण नव्या अँड्रॉइडवर अशा गजराला वेगळी परवानगी लागते आणि ती आपोआप मिळत नाही. वापरणाऱ्यानं स्वतः सेटिंगमध्ये जाऊन 'अलार्म आणि रिमाइंडर'चं बटण चालू करायचं. न विचारता मिळणारी एक परवानगीही आहे, तीच घेऊ, असं मैत्रीण म्हणाली. पण ती मुख्यतः गजराच्या आणि कॅलेंडरच्या ॲपसाठी ठेवलेली. आमच्या ॲपमध्ये औषधांची नोंद, डॉक्टरांसाठी अहवाल असं बरंच काही होतं. प्ले स्टोअरच्या नियमात बसतो की नाही याची खात्री नव्हती. आम्ही विचारून घ्यायचं ठरवलं.

नवी आवृत्ती काकांच्या फोनवर गेली, पण परवानगी द्यायला त्यांनी नकार दिला. त्यांचा मुलगा फौजेत. मोबाईलवर कुणी परवानगी मागितली तर काही दाबू नका, असं त्यानं बजावलं होतं. त्याचं चुकलं नव्हतं. मी सकाळच्या एसटीनं तासगावला गेले.

काकांनी आमच्या स्क्रीनवरची ओळ मोठ्यानं वाचली: 'अचूक अलार्म शेड्यूल करण्यास अनुमती द्या.' मग माझ्याकडे पाहिलं. "पोरी, ह्यातनं मला काय कळायचं?"

ह्या बटणानं ॲपला फक्त ठरल्या मिनिटाला गजर वाजवता येतो, ना तुमचे फोटो दिसतात ना पैशाला हात लागतो, आणि वाटेल तेव्हा ते बंदही करता येतं, असं मी सांगितलं. त्यांनी थोडा विचार केला. "मग तसंच लिव्ह की. गोळीची आठवण टायमाला यावी म्हणून हे बटण चालू करा. दुसरं कशाला न्हाई."

मी तिथंच बसून ते शब्द लिहून घेतले. थरथरत्या बोटानं बटण त्यांनी स्वतःच सरकवलं. मी हात लावला नाही.

अकरा वाजता आम्ही फोन फडताळावर ठेवला, केबलशिवाय. काकूंनी जेवायला आग्रह केला. जेवणं झाली, काका बेदाण्याच्या शेडच्या गोष्टी सांगत होते, पण माझं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे. दोन वाजले, आणि कुणी हातही न लावता फोन वाजला. काकू पाण्याचा तांब्या घेऊन आधीच उभ्या होत्या.

पाऊणएक तासानं मी निघाले तेव्हा काका उंबरा ओलांडून फाटकापर्यंत आले, न अडखळता.

परतल्यावर आम्ही ती ओळ त्यांच्या शब्दांत बदलली. परवानगी नाकारली तर ॲप गप्प बसत नाही. आठवण थोडी उशिरा येऊ शकते, असं स्पष्ट सांगतं. डॉक्टरांना अहवाल पाठवायचं काम मात्र अजून वर्कमॅनेजरच करतो. त्याला अर्धा तास उशीर झाला तर कुणाचं काही अडत नाही. परवा लोणंदहून एका बाईंनी कळवलं, "वडिलांनी ती ओळ वाचून बटण स्वतःच चालू केलं, मला विचारलंसुद्धा नाही."