चमचा, जाड आणि इंग्रजांचा ट

समस्त नाशिककरांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, आपल्या तोंडातला ट हा गुन्हेगार आहे. ड हा त्याचा साथीदार. हे मी नाही म्हणत. अंबडच्या एका कॉल सेंटरमधले मुख्य ट्रेनर म्हणत, तेही रोज सकाळी, वीस पोरापोरींना उभं करून.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. कॉलेजात इंग्रजीचा तास घेऊन झाल्यावर मी त्या कंपनीत उच्चार शिकवायला मदतनीस म्हणून जाई. मुख्य ट्रेनर ठाण्याचे, पण सहा महिने अमेरिकेत राहून आल्यामुळे ठाणंसुद्धा ‘थाने’ म्हणत. मला त्यांचा राग येई. खोटं कशाला बोलू, अजून येतो.

त्या बॅचमध्ये नामपूरची एक मुलगी होती. वाचायची झकास, समजायचं सगळं, पण आवाजाच्या परीक्षेत एकदा नापास झालेली. शनिवारी दुसरी आणि शेवटची संधी. वडिलांनी बजावलं होतं, "पास झालीस तर राहा नाशकात, नाहीतर गुमान घरी ये." घरी स्थळ तयार बसलं होतं.

"तुमची मराठी जीभ जड आहे, बेटा," ट्रेनर म्हणाले. "ट म्हणजे दगड. मऊ बोला, मऊ!"

ती बिचारी मऊ बोलली. टेनचा तेन झाला, डेचा दे झाला. वर्ग हसला. मी हसलो नाही, कारण हा उपाय रोगापेक्षा वाईट होता. त आणि द म्हणताना जीभ दाताला लागते. तसा दे ऐकून फोनच्या पलीकडच्या गोऱ्या बाईला ‘डे’ म्हणजे दिवस याऐवजी ‘दे’ म्हणजे ते लोक ऐकू येणार. आमच्या ट ला जीभ मागे वळून टाळूला लागते. इंग्रजांची जागा या दोन्हींच्या मध्ये, वरच्या दातांच्या मागे हिरडीला जो उंचवटा असतो, तिथे. हे ट्रेनरांना सांगितलं तर म्हणाले, "मास्तर, आधी यांना मराठी विसरायला लावा." विसरायला! पगार घेऊन हा माणूस पोरांना स्वतःच्या तोंडाची लाज वाटायला शिकवत होता.

शुक्रवारी चहाच्या सुट्टीत ती कोपऱ्यात ‘टेन, तेन, टेन’ पुटपुटत होती. डोळे भरलेले. कपात साखर तळाला राहिली म्हणून तिने चहावाल्या मावशींना हाक मारली, "मावशी, चमचा द्या ना!"

मी किंचाळलोच. "थांब! परत म्हण!"

"काय सर?"

"चमचा! पण च म्हणायच्या आधी थांब. जीभ कुठंय?"

तिने तोंड उघडं ठेवून विचार केला. "दाताच्या मागं. त्या उंचवट्यावर."

"चहा म्हण आता."

"चहा... हा च वेगळाय सर. जीभ मागं पसरती."

"सोड चहाला! ‘चमचा’ची जागा धर. आता च सारखी घासत सोडू नको. टोक मागे वळवू नको. एकदम सोड आणि थोडा श्वास सोड."

तिने सोडला. तिच्या तोंडापुढे मी एक कागद धरला होता, तो फडफडला. टेन! असा स्वच्छ टेन त्या इमारतीत पहिल्यांदाच उमटला असेल. मग ‘जाड’ मधला ज धरून त्याच जागेवरून डे काढला. त्याला कागद हलवायची गरज नव्हती. स च्या मागच्या ट लाही नाही, ‘स्टॉप’ म्हणताना कागद शांतच हवा. संध्याकाळपर्यंत अर्धी बॅच चमचा-जाड, चमचा-जाड करत होती. मावशी म्हणाल्या, "सर, पोरांना भांड्याच्या दुकानात लावताय का?"

सांगा बरं, ती जागा कुणी विलायतेहून आणली होती? अडीच वर्षांचं पोर चमचा मागतं तेव्हापासून ती आपल्या तोंडात आहे.

शनिवारी मुंबईच्या ऑफिसातल्या परीक्षक बाई फोनवर होत्या, स्पीकर चालू. मुलगी वाचायला लागली. दोन ठिकाणी जीभ मागे वळली. ती थांबली, ओठ न हलवता ‘चमचा’ची जागा शोधली, आणि पुढे वाचलं.

"पास," बाई म्हणाल्या. "गेल्या वेळेपेक्षा खूपच फरक. कुणाची पद्धत ही?"

ट्रेनर फोनकडे झुकले, घसा साफ केला आणि इंग्रजीत म्हणाले, की ही माझीच पद्धत, मी सुरुवातीपासून यांना मऊ बोलायला सांगत होतो.

स्पीकर अजून चालूच होता. मुलीने कागद टेबलावर आपटला.

"अहो सर, तुमचं ऐकलं असतं ना, तर मी आत्ता नामपूरच्या एस्टीत बसलेली असते!"